डोळ्यांपुढच्या मुंग्या

केबल येण्याआधीच्या काळात अँटेना जरा हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. काळेपांढरे बारीक ठिपके, लक्षावधी, सतत वळवळणारे. काही माणसांना अशा मुंग्या टीव्ही बंद असतानाही दिसतात. भिंतीवर, आभाळात, पुस्तकाच्या पानावर, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, आणि दिवा मालवल्यावर अंधारातही. चित्र झाकलं जात नाही, त्याच्यावरून एक पारदर्शक, थरथरता पडदा सतत ओढलेला असतो. वाचता येतं, माणसं ओळखता येतात, डोळे तपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळही म्हणून दाखवता येते. म्हणूनच तक्रार सांगितली की समोरचा म्हणतो, ‘मग अडचण काय आहे?’

वैद्यकात याला ‘व्हिज्युअल स्नो’ म्हणतात. ठिपके काहींना काळेपांढरे, काहींना पारदर्शक, काहींना रंगीत किंवा लुकलुकते दिसतात. गंमत अशी, की या माणसांपैकी बऱ्याच जणांनी बरीच वर्षं कुणाकडे तक्रारच केलेली नसते. २०२० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फ्रान्सेस्का पुलेद्दा, पीटर गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी अशा अकराशे लोकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे चाळीस टक्क्यांनी सांगितलं की आठवतं तेव्हापासून आपल्याला असंच दिसतं. जन्मापासून असलेली गोष्ट वेगळी आहे हे कळायला दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाहावं लागतं, आणि ती सोय कुणालाच नाही. पुष्कळांना इंटरनेटवर दुसऱ्या कुणाचं वर्णन वाचूनच पहिल्यांदा कळतं की इतरांची भिंत स्थिर असते.

मात्र अगदी कोरी, स्थिर भिंत कुणालाच मिळालेली नाही. रात्री पूर्ण अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसा आणि डोळे उघडे ठेवा. दिसतो तो शुद्ध काळा रंग नसतो. राखाडी, किंचित दाणेदार असं काहीतरी हलत असतं. याचं निदान एक कारण दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात आहे. मंद उजेडात काम करणाऱ्या रॉड पेशी तिथे दहा कोटींच्या आसपास असतात. त्यांच्यातला रंगद्रव्याचा एखादा रेणू प्रकाश न पडताही निव्वळ उष्णतेमुळे कधीतरी आपोआप आकार बदलतो, आणि ती पेशी प्रकाशकण आल्यासारखा संदेश पाठवते. अंधारात दिसण्याची मर्यादा या अंतर्गत खरखरीमुळेच ठरत असावी, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ होरेस बार्लो यांनी १९५६ साली मांडलं. पुढे १९८४ मध्ये डेनिस बेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या एकेका रॉड पेशीतून विजेचे संकेत मोजले. एका पेशीत अशी चुकीची ठिणगी सरासरी अडीच-तीन मिनिटांतून एकदा पडते, असं त्यांना आढळलं. दहा कोटी पेशींचा हिशेब धरला तर दर सेकंदाला काही लाख खोट्या ठिणग्या होतात. आपण त्या पाहत नाही, कारण दृष्टिपटलातल्या पुढच्या पेशी आणि मेंदू त्या गाळून टाकतात.

तीच गोष्ट निळ्या आभाळाची. स्वच्छ निळ्या आभाळाकडे एकटक पाहिलं की झपझप वाकडेतिकडे पळणारे, क्षणभर टिकणारे चमकते ठिपके जवळपास प्रत्येकाला दिसू शकतात. दृष्टिपटलासमोरच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा तो खेळ आहे. डोळ्यांपुढे तरंगणारे धागे आणि जाळ्याही बहुतेकांना अधूनमधून दिसतात. व्हिज्युअल स्नो असलेल्यांना हे सगळं इतरांपेक्षा फार जास्त आणि सतत दिसतं. डोळ्यात नवं काही निर्माण होत नसून, जे गाळलं जायला हवं ते गाळलं जात नाही, असा संशोधकांचा कल आहे. मात्र ठिपके दिवसाढवळ्या भरपूर उजेडातही दिसतात, आणि रॉड पेशींची खरखर उजेडात केव्हाच बुडून गेलेली असते. त्यामुळे सगळा दोष दृष्टिपटलाच्या माथी मारता येत नाही.

१९९५ साली अमेरिकेतल्या ग्रँट लिऊ आणि सहकाऱ्यांनी मायग्रेन असलेल्या दहा रुग्णांचं वर्णन छापलं. त्यांच्या नजरेसमोर ठिपके, बर्फ, टीव्हीवरच्या मुंग्यांसारखं काहीतरी महिनोन्‌महिने टिकून होतं. त्यानंतर जवळपास वीस वर्षं डॉक्टरमंडळी याला मायग्रेनचंच शेपूट समजत राहिली. मायग्रेनमध्ये डोकं दुखण्याआधी नजरेसमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा येतात, त्याला ‘ऑरा’ म्हणतात. हा न संपणारा ऑराच असावा, असा तर्क होता, आणि उपचारही त्याच धोरणाने होत होते. ते फारसे लागू पडत नव्हते. रुग्ण मात्र इंटरनेटवर एकमेकांना सापडू लागले होते, आणि त्यांचं म्हणणं एकमेकांशी विलक्षण जुळत होतं.

२०१४ मध्ये क्रिस्टोफ शांकीन, गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुळणाऱ्या वर्णनांतून निकष बांधले. संपूर्ण नजरेत सतत हलणारे बारीक ठिपके तीन महिन्यांहून जास्त काळ असले पाहिजेत. त्याच्या जोडीला चारपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे वस्तू नजरेआड झाल्यावरही तिची प्रतिमा रेंगाळणं, किंवा हलत्या वस्तूमागे शेपटीसारखी रांग दिसणं. दुसरी, मघाशी सांगितलेली आभाळातल्या ठिपक्यांची आणि तरंगत्या धाग्यांची गर्दी. तिसरी, उजेड सहन न होणं. चौथी, रात्री कमी दिसल्यासारखं वाटणं. हे सगळं मायग्रेनच्या ऑरासारखं वागत नसलं पाहिजे आणि दुसऱ्या आजाराने किंवा नशेच्या पदार्थाने त्याचा खुलासा होता कामा नये. असं जुळलं तर नाव ‘व्हिज्युअल स्नो सिंड्रोम’. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत ते परिशिष्टात आलं, म्हणजे अजून अभ्यास हवा अशा गोष्टींच्या यादीत.

मायग्रेनशी नातं तुटलं मात्र नाही. अकराशे जणांच्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांना मायग्रेन होता, आणि तितक्याच मोठ्या संख्येला कानात सतत गुणगुण ऐकू येत होती. हे लोक स्वतःहून पुढे आलेले होते, त्यामुळे त्यात जास्त त्रास असलेले अधिक असणार, हे लक्षात ठेवावं. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या सुमारे हजार सर्वसाधारण लोकांना, विषय आधी न सांगता, प्रश्न विचारण्यात आले. सुमारे दोन टक्के लोक पूर्ण निकषांत बसले. यातल्या बहुतेकांनी याबद्दल डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नसावं, असा माझा अंदाज आहे.

कानातल्या गुणगुणीचा धागा महत्त्वाचा आहे. एका ज्ञानेंद्रियात बिघाड असता तर कान आणि डोळे एकाच वेळी का कुरकुरतील? संशय मेंदूवर जातो, तो त्यामुळे. शांकीन यांच्या गटाने सतरा रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं. मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो हे त्यात कळतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, नजरेच्या मूळ केंद्राला लागूनच लिंग्वल गायरस नावाची एक घडी आहे. निरोगी लोकांच्या तुलनेत रुग्णांमध्ये ती घडी जास्त साखर जाळताना दिसली. नंतरच्या अभ्यासांत आणखी काही भाग पुढे आले, त्यात कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं आणि कोणती सोडून द्यायची हे ठरवणारे भागही आहेत. चित्र अजून तुकड्यातुकड्यांचं आहे. एखाद्या रुग्णाचं पेट स्कॅन पाहून निदान करता येईल अशी अवस्था आलेली नाही, ही फक्त गटागटांची सरासरी आहे.

मला सगळ्यात पटलेला पुरावा महागड्या यंत्रातून आलेला नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात समँथा मोंटोया आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. व्हिज्युअल स्नो असलेल्या लोकांना पडद्यावर खऱ्याखुऱ्या मुंग्या दाखवल्या, जुन्या टीव्हीवर असायच्या तशा. मग पडदा कोरा केला आणि विचारलं, आता तुमच्या स्वतःच्या मुंग्या कशा आहेत? त्या विरल्या होत्या, पुष्कळांच्या बाबतीत काही सेकंदांसाठी पूर्ण गेल्या होत्या. जितका वेळ पडद्याकडे पाहिलं, तितकी ही शांतता जास्त टिकली.

याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एकाच प्रकारचं दृश्य सतत पाहिलं की त्याला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी थकतात आणि काही काळ मंदावतात. धबधब्याकडे बराच वेळ पाहून शेजारच्या खडकाकडे पाहिलं की खडक वर सरकल्यासारखा वाटतो, तोही त्यातलाच प्रकार. बाहेरच्या मुंग्यांनी थकलेल्या पेशी मंदावल्यावर आतल्या मुंग्याही नाहीशा झाल्या, तर त्या दोन्ही एकाच पेशींच्या वाटेने येत असल्या पाहिजेत. म्हणजे रुग्ण जे दिसतं म्हणून सांगतो ते ‘मनाचे खेळ’ नाहीत. नजरेच्या यंत्रणेत खरोखर काहीतरी धडधडत असतं, आणि ते बाहेरून मोजता येण्याजोगं वागतं. हा उपचार नव्हे, परिणाम सेकंदांत ओसरतो. ज्यांना लुकलुकत्या उजेडाने फिट येते किंवा डोकं दुखतं त्यांनी तो घरी करून पाहू नये.

आता तपासणीकडे येऊ. इथेच बहुतेक रुग्णांचा वेळ, पैसा आणि धीर खर्च होतो. उदाहरणासाठी एक काल्पनिक पण नमुनेदार रुग्ण घेऊ. नाशिकची वीस वर्षांची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, आठ महिन्यांपासून ठिपके दिसतात. चष्मा दोनदा बदलून झाला, कोरड्या डोळ्यांचे थेंब झाले, एका डॉक्टरांनी ‘ताण घेऊ नकोस’ म्हणून परत पाठवलं. आता ती आईबरोबर न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टकडे, म्हणजे डोळे आणि मेंदू यांच्यामधल्या वाटेच्या डॉक्टरांकडे आली आहे.

चांगले डॉक्टर टॉर्च उचलण्याआधी विचारतात. “ठिपके एका डोळ्यात आहेत की दोन्ही?” ती म्हणते, दोन्ही. डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. “आधी उजवा डोळा हाताने झाक. आता डावा. सारखंच दिसतं का?” हे करून पाहणं फार मोलाचं, कारण एका डोळ्याचा बिघाड दोन्ही डोळे उघडे असताना ‘दोन्हीकडे’ वाटू शकतो. पुढचा प्रश्न, ठिपके सगळीकडे आहेत की नजरेच्या एखाद्या कोपऱ्यात? सगळीकडे. येतात-जातात का? नाही, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत, आणि मिटल्यावरही. मायग्रेनचा ऑरा साधारण पाच मिनिटांपासून तासाभरात आटोपतो, आणि त्यातली चमक नजरेतून हळूहळू सरकत जाते. हिची तशी सरकत नाही.

मग डॉक्टर बोट हवेत आडवं फिरवतात. “मागे काही उरतं का?” तिला बोटांची रांग दिसते. आभाळात पळते ठिपके? खूप, लहानपणापासून. उन्हात? गॉगलशिवाय बाहेर पडवत नाही. रात्री? रस्त्यावरचे दिवे पसरट दिसतात आणि अंधारात ठिपके इतके वाढतात की जिना उतरताना पायरी हरवते. कानात काही? “आवाज येतो, एकसारखा, बारीक. त्याबद्दल मी कुणाला सांगितलंच नव्हतं, डोळ्याच्या डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून.”

इथे डॉक्टर आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतात. गांजा, एलएसडी, पार्टीतल्या गोळ्या यांबद्दल विचारायचं असतं, आणि आईसमोर खरं उत्तर येत नाही. एलएसडीसारख्या पदार्थांनंतर नजरेत ठिपके आणि रेंगाळत्या प्रतिमा कायम राहू शकतात, एकदाच घेतला असला तरी. त्याचं निदान वेगळं धरलं जातं. तिने काही घेतलेलं नाही. आणखी एक प्रश्न तिला विचित्र वाटतो, “मुरुमांसाठी गोळ्या घेतल्यास का?” मुरुमांवर दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधं कवटीतला दाब वाढवू शकतात. आयसोट्रेटिनॉइनने रात्रीची नजरही मंदावू शकते. विशीतल्या मुलीमध्ये ही शक्यता विसरून चालत नाही. वाकल्यावर काही सेकंद अंधारी येते का, कानातला आवाज नाडीच्या ठेक्यावर धडधडतो का, आडवं पडल्यावर डोकं जास्त दुखतं का, हे प्रश्न त्याच शंकेपोटी. तिची सगळी उत्तरं ‘नाही’ अशी येतात.

त्यानंतर तपासण्या. नजर दोन्ही डोळ्यांची सहा-सहा. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवत दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात का ते पाहिलं जातं. एकीकडे टॉर्च नेल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरली, तर त्या बाजूच्या नेत्रनाडीत बिघाड असतो. रंगीत ठिपक्यांतले आकडे ती न चुकता वाचते. मग एका घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, मधल्या दिव्याकडे पाहत, कडेला लुकलुकणारे ठिपके दिसतील तेव्हा बटण दाबायचं. नजरेच्या परिघात कुठे खड्डा आहे का ते यात कळतं. या तपासणीत एक गोची आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे आधीच ठिपके नाचतात तो खोट्या ठिपक्यांवरही बटण दाबतो, आणि अहवाल गोंधळलेला येतो. हिचाही पहिला अहवाल तसाच आला. यंत्र मध्येच ठिपका न दाखवता बटण दाबलं जातं का ते तपासतं, आणि तिथे चुका जास्त होत्या. थोडी विश्रांती देऊन दुसऱ्यांदा घेतल्यावर परीघ स्वच्छ निघाला. पहिल्या कागदावर भरवसा ठेवला असता तर उगाच आणखी तपासण्यांची साखळी सुरू झाली असती.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी होते. त्यानंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं, तेव्हा दुचाकीवर आलेल्याने परत जायला कुणाला तरी बोलवावं. नेत्रनाडीचं तोंड सुजलेलं नाही, म्हणजे कवटीतला दाब वाढल्याची खूण नाही. शेवटी ओसीटी. प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाचा आडवा छेद दाखवणारी ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. पडद्याचे थर त्यात एकावर एक रेषांसारखे दिसतात. तिच्या सगळ्या रेषा अखंड आहेत.

या रेषांवर इतका भर का, हे दुसऱ्या एका रुग्णाने कळतं. समजा त्याच दिवशी तीस वर्षांची एक बाई आली आहे. मायनसचा मोठा चष्मा, पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला, आणि आता समोर ठिपके चमकतात. ती वर्णन जवळपास विद्यार्थिनीसारखंच करते. पण एक डोळा झाकायला सांगितल्यावर दिसतं की ठिपके फक्त उजव्या डोळ्यात आहेत, तेही मध्याच्या बाजूला एका पट्ट्यात. परिघाच्या तपासणीत प्रत्येकाच्या नजरेत असतो तो आंधळा ठिपका हिच्या उजव्या डोळ्यात नेहमीपेक्षा मोठा निघतो. ओसीटीत प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेषा जागोजागी तुटलेली आहे. हा दृष्टिपटलाचा दाह आहे, त्याचं लांबलचक नाव ‘मल्टिपल इव्हॅनेसंट व्हाइट डॉट सिंड्रोम’. तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतो. पण पडद्याचे याच तोंडवळ्याचे इतर दाह असे सोज्वळ नसतात, काहींना लगेच उपचार लागतात. दोन बायकांच्या वर्णनांतला फरक एका तळहाताने डोळा झाकल्यावर उघडा पडला.

विद्यार्थिनीच्या बाबतीत मेंदूचं एमआरआय करावं का, यावर डॉक्टरांत मतभेद असतात. लहानपणापासून अगदी तसंच दिसत असेल, सगळे निकष जुळत असतील आणि डोळ्यांची तपासणी निर्दोष असेल, तर एमआरआयमधून काही निघण्याची शक्यता फार थोडी. हिचे ठिपके आठ महिन्यांपूर्वी सुरू झाले आहेत, म्हणून एकदा करून घेणं मला रास्त वाटतं. तो ठीक येतो. रातांधळेपणा वाढत जाणारा असता किंवा घरात कुणाला पडद्याचा आनुवंशिक आजार असता, तर ईआरजीही लागलं असतं, म्हणजे दृष्टिपटल प्रकाशाला विजेचा किती प्रतिसाद देतं त्याचं मोजमाप.

‘सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य रुग्ण आणि डॉक्टर दोघंही इथे चुकीचं वाचतात. रुग्णाला वाटतं, काहीच सापडलं नाही. एखाद्या डॉक्टरला वाटतं, म्हणजे काहीच नाही. पण या आजाराच्या निकषातच डोळ्यांची तपासणी निर्दोष असण्याची अट आहे. हिच्या बाबतीत ठिपक्यांबरोबर रेंगाळत्या प्रतिमा, आभाळातली गर्दी, उजेडाचा त्रास आणि रात्रीची अडचण, चारही गोष्टी आहेत. निदान तिच्या तोंडच्या हकिकतीने झालं, तपासण्यांनी बाकीचे आरोपी सोडवले.

उपचारांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. सर्वांत जास्त वापरलं गेलेलं औषध लामोट्रिजिन, मुळात फिट्सवरचं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये आपला अनुभव छापला. सव्वीस जणांना ते दिलं, पाच जणांना काही प्रमाणात आराम पडला, पूर्ण कुणालाच नाही, आणि निम्म्या म्हणजे तेरा जणांना दुष्परिणाम जाणवले. या औषधाने क्वचित अंगावर जीवघेणा पुरळ उठतो, म्हणून मात्रा फार हळूहळू वाढवावी लागते आणि पुरळ दिसताच डॉक्टरांना गाठावं लागतं. नातेवाइकाची उरलेली स्ट्रिप वापरण्यातलं हे औषध नव्हे. रंगीत काचांचा काही जणांना उपयोग होतो, विशेषतः उजेड सोसत नसेल तर. कोणता रंग, हे दुकानात नव्हे तर फिल्टर एकेक लावून पाहून ठरतं, आणि पुष्कळांना कोणताच रंग मानवत नाही. लंडनमध्ये माइंडफुलनेसवर आधारलेल्या आठवड्यागणिक वर्गांचा प्रयोग झाला. त्यात लोकांनी त्रास कमी झाल्याचं सांगितलं, पण गट छोटा होता. ठिपक्यांचा ताण किती वाटतो हे ठिपक्यांच्या संख्येइतकंच त्यांच्याकडे लक्ष किती जातं यावर अवलंबून असतं, असा त्यामागचा विचार आहे. थेंब आणि वारंवार बदललेले चष्मे यांनी ठिपके जात नाहीत. झोपेची हेळसांड आणि न सांभाळलेला मायग्रेन मात्र त्रास वाढवू शकतात, त्यामुळे मायग्रेन असेल तर आधी त्याकडे पाहणं शहाणपणाचं.

विद्यार्थिनीने गोळी सध्या नको म्हटलं. आईंनी विचारलं, “डॉक्टर, हिची नजर जाणार का?” हा आजार आंधळं करत नाही, आणि बहुतेकांत वर्षानुवर्षं तसाच स्थिर राहतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परिघाची तपासणी आणि ओसीटी वर्षभराने पुन्हा करायचं ठरलं. फाइलवर त्यांनी आधी यायची कारणं लिहून दिली. ठिपके एका डोळ्यात किंवा एका बाजूला जास्त वाटू लागले, नजरेत कुठे काळा डाग किंवा पडदा आला, अचानक नवे काळे कण आणि विजेसारखी चमक दिसली, वाकताना अंधारी येऊ लागली, किंवा रंग फिके दिसू लागले, तर वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात यायचं. चमक आणि पडदा एकत्र आले तर त्याच दिवशी, कारण तेव्हा दृष्टिपटल सुटत असण्याची शक्यता असते आणि तास मोजावे लागतात.